प्रश्न हरवू नये म्हणून

डिसेंबर २०२१ मधली गोष्ट. रात्रीचे नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती. कोकणातल्या खाडीकाठच्या एका उर्दू शाळेतल्या बाईंनी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक प्रश्न टाकला. आठवीतल्या सहा मुलांचे एका परीक्षेचे ऑनलाइन अर्ज त्या भरत होत्या आणि मुलांचे फोटो काही केल्या चढत नव्हते. मुदत त्याच रात्री बारापर्यंत होती. "कोणाला काही माहीत असेल तर सांगा," एवढेच त्यांनी लिहिले.

चार मिनिटांनी दुसरी बातमी आली. ग्रुपमधल्याच एका सरांच्या वालिदांचा इंतकाल झाला होता. मग "इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन" सुरू झाले. पुढच्या दीड तासात असे एकशे साठच्या वर संदेश आले. कोणी दुआ लिहिली, कोणी जनाज्याची वेळ विचारली, कोणी फुलांचे चित्र टाकले. बाईंचा प्रश्न त्या ढिगाखाली गेला. अकरा वाजता त्यांनी तो पुन्हा टाकला. तोही वाहून गेला.

सकाळी फजरनंतर सोलापूरच्या एका सरांना तो दिसला. त्यांनी लगेच उत्तर लिहिले: "फोनमधला फोटो दोन-तीन एमबीचा असतो, साइटला तो फार मोठा होतो. फोटो आधी स्वतःलाच व्हॉट्सअॅपवर पाठवा, मग तो उतरवून घ्या. आकार खूप कमी होतो." उत्तर बरोबर होते, पण मुदत संपून सहा तास झाले होते. आठवीची ती परीक्षा त्या सहा मुलांना पुन्हा देता येणार नव्हती. आमच्या ग्रुपमध्ये त्या वेळी २५६ शिक्षक होते. हे उत्तर माहीत असलेले निदान तीन जण त्या रात्री जागे होते, हे आम्हाला नंतर कळले.

यात कोणाची चूक होती? ताजियत करणाऱ्यांची नक्कीच नव्हती. प्रश्न विचारणाऱ्या बाईंचीही नव्हती. चूक ज्यांनी ग्रुप उघडला त्यांची, म्हणजे आमची होती.

आम्ही म्हणजे तीन शिक्षक, वेगवेगळ्या गावांतले. तिघेही उर्दू माध्यमाच्या शाळांत मराठी शिकवतो. जून २०२० मध्ये शाळा बंद असताना चाळीस ओळखीच्या शिक्षकांचा हा ग्रुप आम्ही सुरू केला. मालेगाव, भिवंडी, लातूर, रत्नागिरी असे करत तो वाढत गेला. त्या काळी व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपमध्ये २५६ पेक्षा जास्त माणसे बसत नसत. आमचा ग्रुप काठोकाठ भरला तेव्हा आम्हाला अभिमान वाटला होता. माणसे मोजली, पण ती एकमेकांच्या काही कामाला येतात का, हे कधी पाहिले नव्हते.

त्या रात्रीनंतर आम्ही जे पहिले पाऊल उचलले, ते चुकीचे होते. आम्ही ग्रुपला कुलूप लावले. सेटिंगमध्ये जाऊन फक्त अॅडमिनच संदेश पाठवू शकतील असे केले. सदस्यांनी प्रश्न आम्हाला खासगीत पाठवायचा आणि आम्ही तो ग्रुपवर टाकायचा, असे ठरले. पहिला आठवडा फार छान वाटला. किती शांतता! मग आमच्या लक्षात आले की ही शांतता कब्रस्तानातली आहे. प्रश्न आमच्याकडे येत होते, पण उत्तरेही आम्हालाच द्यावी लागत होती, कारण उत्तर देऊ शकणाऱ्याला लिहिण्याची सोयच नव्हती. सहावीच्या पाठावरचा एकच प्रश्न आम्ही तिघांनी मिळून अकरा जणांना खासगीत समजावला. दोन महिन्यांत ग्रुपवर जे आले ते म्हणजे परिपत्रके आणि सुट्ट्यांच्या याद्या. त्यासाठी सूचना फलक पुरेसा असतो, अडीचशे शिक्षक कशाला लागतात?

मार्च २०२२ मध्ये कुलूप काढले. पण त्याआधी तिघे एका रविवारी बसलो आणि स्वतःला एकच प्रश्न विचारला: हा ग्रुप कशासाठी आहे? उत्तर एका ओळीत आले. कोणी अडला तर त्याचा प्रश्न ज्याला उत्तर माहीत आहे त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचावा. नियम करायचे तर या एका कामासाठी. या कामाला मदत करत नाही तो नियम नको, मग तो दिसायला कितीही चांगला असो.

आमचा पहिला मसुदा एकोणीस नियमांचा होता. "सभ्य भाषा वापरावी", "एकमेकांचा आदर करावा" असे बरेच काही त्यात होते. असे नियम कोणी वाचत नाही आणि मोडले का ते ठरवताही येत नाही. सभ्य कशाला म्हणायचे यावर वादच होतो. म्हणून आम्ही एक कसोटी लावली: नियम मोडला की नाही हे संदेशाकडे पाहून लगेच सांगता आले पाहिजे. या कसोटीवर सहा उरले. ते उर्दूत आणि मराठीत लिहून आम्ही ग्रुपच्या वर्णनात ठेवले. नवीन सदस्य आला की हेच सहा त्याला खासगीतही जातात.

१. इथे उर्दू शाळेत मराठी शिकवण्याविषयी आणि त्याला जोडून येणाऱ्या शाळेच्या कामाविषयीच लिहावे.

२. प्रश्नाची सुरुवात "प्रश्न:" या शब्दाने करावी. इयत्ता लिहावी. मुदत असेल तर तारीख आणि वेळ लिहावी.

३. उत्तर त्या प्रश्नाच्या संदेशाला रिप्लाय करूनच द्यावे.

४. परिपत्रक किंवा शासन निर्णय टाकायचा तर पूर्ण पीडीएफ टाकावी. फोटो किंवा फक्त मजकूर नको.

५. सलाम, मुबारकबाद आणि ताजियत "सुखदुःख" या वेगळ्या ग्रुपवर.

६. ग्रुपमधून मिळालेल्या नंबरवर परवानगीशिवाय खासगी संदेश किंवा फोन करू नये.

यातला दुसरा नियम सर्वांत साधा दिसतो, पण सगळ्यात जास्त काम तोच करतो. "प्रश्न:" हा शब्द ठरलेला असल्यामुळे तो शोधता येतो. ग्रुप उघडून शोध खिडकीत हा एक शब्द टाकला की सारे प्रश्न एकाखाली एक दिसतात. सोलापूरचे ते सर आता रोज रात्री झोपण्यापूर्वी एवढेच करतात. बाकीचे संदेश वाचायला त्यांना वेळ नसतो आणि वाचलेच पाहिजेत असेही नाही. तिसरा नियम त्याला जोडून येतो. रिप्लाय करून उत्तर दिले की त्या उत्तरावर प्रश्नाची ओळ दिसते, म्हणून मध्ये दुसरे काही आले तरी कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे हे कळते. पूर्वी "हो, चालेल" असे उत्तर यायचे आणि काय चालेल, याचा पत्ता नसायचा.

चौथा नियम अनुभवातून आला. दोन वर्षांपूर्वीचे सुट्टीचे परिपत्रक तारखेचा भाग कापून कोणीतरी फोटो करून पसरवले आणि आमच्याही ग्रुपवर ते आले. शासन निर्णय असेल तर तो तपासायची सोपी रीत आहे. त्याच्या शेवटी संकेतांक म्हणून एक लांब आकडा छापलेला असतो. त्याची सुरुवात वर्ष, महिना आणि दिवसाने होते, आणि तोच आकडा शासनाच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ निर्णय निघतो. फोटोत हा भाग बहुधा कापलेला असतो, म्हणून पूर्ण पीडीएफचा आग्रह.

पाचव्या नियमावर मात्र वादळ उठले. "सलाम बंद करता? मय्यतीची खबर बाजूला ढकलता? आपण मुसलमान आहोत ना?" असे सरळ विचारले गेले. हा प्रश्न आम्ही हसण्यावारी नेला नाही, कारण आम्हालाही तो टोचत होता. सलामाबद्दल आम्ही आमच्या गावच्या मौलाना साहेबांना विचारले. त्यांनी समजावले की जमातीला सलाम केला आणि त्यातल्या एकाने जवाब दिला तर तो सर्वांच्या वतीने पुरतो. म्हणजे तीनशे जणांनी तीनशे वेळा लिहिण्याची दीनाची मागणी नाही. मग ठरले की रोज सकाळी पाळीवरचा अॅडमिन "सुखदुःख"वर सलाम लिहील, एक जण जवाब देईल. मुख्य ग्रुपवर प्रश्नाच्या सुरुवातीला कोणी सलाम लिहिला तर हरकत नाही, पण नुसता सलाम नको.

ताजियतीबद्दल आम्ही त्याच सरांकडे गेलो, ज्यांचे वालिद त्या रात्री गेले होते. संकोचत विचारले. ते म्हणाले, "त्या रात्री मी फोन हातात घेतलाच नाही. नंतरही ते सगळे संदेश वाचले नाहीत. मला आठवतात ते सात-आठ जण, ज्यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला." त्यानंतर आम्ही पद्धत बसवली. इंतकालची खबर "सुखदुःख"वर एकदाच येते, जनाज्याची वेळ आणि जागा येते, आणि घरच्यांची मर्जी असेल तर फोन करण्यासाठी नंबर येतो. खाली ज्याला लिहायचे तो लिहितो, पण "फोन केलात का?" हे आम्ही विचारतो. २०२२ च्या अखेरीस व्हॉट्सअॅपवर कम्युनिटीची सोय आली तेव्हा हे आणखी सोपे झाले. एकाच छताखाली तीन खोल्या झाल्या: सूचनांची, चर्चेची आणि सुखदुःखाची. सूचनांच्या खोलीत फक्त अॅडमिन लिहितो. चर्चेच्या खोलीत सगळे लिहितात. सुखदुःखाच्या खोलीत ज्याला यायचे तो येतो.

सहावा नियम आम्ही आधी लिहिलाच नव्हता. एका बाजींनी आमच्यापैकी एकीला फोन करून रडत सांगितले तेव्हा तो लिहिला. त्यांनी ग्रुपवर एक प्रश्न विचारला होता. त्या दिवसापासून एक अनोळखी सदस्य त्यांना रोज रात्री "क्या कर रहे हैं" असे लिहित होता. त्यांच्या घरी हे कळले तर ग्रुपच सोडावा लागेल, ही त्यांना भीती होती. ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो ही साधी गोष्ट, पण आमच्या बायकांना तिची काय किंमत मोजावी लागते ते आम्हाला त्या दिवशी कळले. किती जणी याच कारणाने गप्प बसत होत्या कोण जाणे. या एका नियमाला समज नाही, दुसरी संधी नाही. तक्रार आली, संदेशाचा फोटो पाहिला, की सदस्य बाहेर. आजवर तिघांना काढले. सोबत सर्व भगिनींना हेही सांगतो की फोनच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये प्रोफाइल फोटो आणि "लास्ट सीन" फक्त आपल्या ओळखीच्यांना दिसेल असे ठेवा. हा नियम आला आणि पुढच्या महिन्यात प्रश्न विचारणाऱ्यांत भगिनींची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली.

बाकीच्या पाच नियमांसाठी मात्र हात हलका ठेवायचा, हे आम्ही ठरवून घेतले. तिघे आठवड्याची पाळी लावतो. ज्याची पाळी तोच लक्ष ठेवतो, बाकी दोघे ढवळाढवळ करत नाहीत. पूर्वी एकाच संदेशावर तिघेही सूचना देत आणि बिचाऱ्या सदस्याला वाटे की आपल्यावर पंचायत बसली. आता नियमाबाहेरचा संदेश आला की पाळीवाला खासगीत एवढेच लिहितो: "सर, आपला संदेश चांगला आहे, पण तो 'सुखदुःख'वर टाकावा ही विनंती. इथला आपण स्वतःच काढाल का?" दहातले आठ जण लगेच काढतात. ग्रुपवर सर्वांसमोर टोकत नाही. चारचौघांत टोकलेला माणूस आपली चूक विसरतो आणि अपमान लक्षात ठेवतो. तासाभरात संदेश निघाला नाही तर आम्ही तो काढतो. तोच माणूस महिन्यात तिसऱ्यांदा असे करत असेल तर आठवडाभर चर्चेच्या खोलीबाहेर, मग पुन्हा आत.

ही पद्धत आम्ही एकदा विसरलो आणि त्याची शिक्षा भोगली. आमच्यापैकी दोघांना ज्यांनी शाळेत मराठी शिकवले, असे एक निवृत्त उस्ताद ग्रुपमध्ये आहेत. ते रोज पहाटे पाच-सहा फॉरवर्ड टाकत: हकीमी नुस्खे, राजकारण, कोणाचे तरी भाषण. २०२३ च्या सुरुवातीला एका सकाळी पाळीवाल्याने ते सगळे एकदम काढून टाकले, न विचारता. तोवर अॅडमिनला दुसऱ्याचा संदेश काढता येऊ लागला होता, आणि अॅडमिनने संदेश काढला ही खूण तिथे सर्वांना दिसते. एका ओळीत पाच खुणा. उस्ताद ग्रुप सोडून गेले.

दुसऱ्या जुम्याला आम्ही दोघे त्यांच्या घरी गेलो. चहा आला, पण बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "नियम बरोबर आहे तुमचा. पण मी तुमच्या हातातली पाटी कधी सर्वांसमोर पुसली होती का?" आमच्याकडे उत्तर नव्हते. माफी मागितली. तेव्हापासून आमच्यात एक अलिखित रीत आहे: वडीलधाऱ्यांना संदेश नाही, फोन. शक्य असेल तर भेट. नियम सर्वांना एकच, पण तो सांगण्याची पद्धत माणूस पाहून.

उस्ताद परत आले ते आमच्या माफीमुळे नाही, एका प्रश्नामुळे. लातूरकडच्या एका नव्या बाईंनी विचारले होते:

"प्रश्न: इयत्ता पाचवी. मुले 'माझी पुस्तक', 'माझी घर' असे लिहितात. शंभरदा दुरुस्त केले तरी पुन्हा तेच. काय करावे?"

अर्ध्या तासात चार उत्तरे आली. पहिले होते, "सराव वाढवा." दुसऱ्याने विचारले, "मुले चूक कुठे करतात आणि कुठे करत नाहीत, याची यादी केली का?" हा फार कामाचा सवाल होता. बाईंनी दुसऱ्या दिवशी वह्या तपासून यादी टाकली. "माझा भाऊ", "माझी बहीण" कधी चुकत नव्हते. चुकत होते पुस्तक, घर, झाड, पान. आम्ही ही यादी उस्तादांना फोनवर वाचून दाखवली. ते हसले आणि म्हणाले, "मला आत घ्या, लिहितो."

त्यांनी लिहिले ते थोडक्यात असे. उर्दूत लिंगे दोनच, मराठीत तीन. मुलाच्या डोक्यात नपुसकलिंगाची खोलीच नाही, म्हणून तो शब्द उरलेल्या दोनपैकी एका खोलीत ढकलतो. किताब उर्दूत स्त्रीलिंगी, म्हणून "माझी पुस्तक". भाऊ आणि बहीण चुकत नाहीत, कारण तिथे दोन्ही भाषा एकच सांगतात. तेव्हा "चुकले" म्हणून तांबडी रेघ मारू नका. ही चूक आळसाची नाही, मूल आपल्या घरच्या भाषेचे व्याकरण बरोबर चालवते आहे. त्याला तिसरी खोली दाखवा. नवा शब्द एकटा शिकवूच नका, "ते पुस्तक", "ते घर", "तो रस्ता", "ती वही" असा जोडीनेच शिकवा.

त्यावर भिवंडीच्या एका आपांनी आपली रीत सांगितली. तीन रंगांच्या चिठ्ठ्या, तो-ती-तेच्या, वर्गातल्या वस्तूंना चिकटवायच्या. आधी फक्त "ते"च्या दहा वस्तू, कारण घोळ तिथेच आहे. मग एका सरांनी अडचण काढली की आपल्या भागातच काही शब्दांची लिंगे बोलीत वेगळी आहेत. त्यावरही थोडे झाले. तीन दिवसांत पस्तीस-चाळीस संदेश, एकही फालतू नाही. महिन्याने बाईंनी लिहिले की पूर्वी पंधरा मुले चुकत होती, आता पाच. "घर" अजून चुकतेच, कारण उर्दूत तोच शब्द पुल्लिंगी आहे, आणि "माझी"वरून मुले आता "माझा घर"वर आली आहेत. आम्हाला ते पाच आकडे लपवून "सगळे सुधारले" म्हणण्यापेक्षा फार आवडले.

शनिवारी पाळीवाला अशा चर्चेचा सारांश एका संदेशात लिहितो: प्रश्न काय, कारण काय, कोणी काय करून पाहिले, काय उरले. दहा-बारा ओळी, त्याहून जास्त नाही. तो संदेश पिन करून वर ठेवतो आणि एका फाइलमध्येही जमा करतो, कारण नवीन येणाऱ्याला ग्रुपवरचे मागचे सगळे दिसत नाही. सारांश लिहिणे हे अॅडमिनचे खरे काम आहे असे आम्हाला आता वाटते. संदेश काढणे हे त्या मानाने झाडू मारण्यासारखे.

घरच्यांची एक भीती आम्ही तिघांनीही ऐकली आहे: "ग्रुपवर कोणी काही भलते टाकले तर पोलीस अॅडमिनला धरतात." याबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये निकाल दिलेला आहे. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही, त्यात त्याचा समान हेतू किंवा ठरवून केलेला सहभाग दिसला पाहिजे. याचा अर्थ डोळे मिटून बसावे असा नाही. कोणा समाजाविरुद्ध भडकावणारे काही आले तर आम्ही तासाची वाट पाहत नाही, लगेच काढतो आणि मग फोन करतो. पण भीतीपोटी सर्वांची तोंडे बंद करण्याचीही गरज नाही.

ग्रुप बरा चालला आहे की नाही, हे कसे ओळखायचे? सदस्यसंख्येवरून नाही. आज आम्ही तीनशे नव्वदच्या आसपास आहोत, पण त्याचा आम्हाला आता पूर्वीसारखा अभिमान वाटत नाही. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला आम्ही "प्रश्न:" शोधतो आणि दोन गोष्टी मोजतो. एक, किती प्रश्नांना चोवीस तासांत उत्तर मिळाले नाही. मागच्या महिन्यात एकेचाळीस प्रश्न होते, चार अनुत्तरित. ते चार आम्ही नावानिशी जाणकारांना विचारले. दोन, उत्तरे किती वेगवेगळ्या माणसांनी दिली. हा आकडा घसरून पाच-सहावर आला की समजायचे, ग्रुप आजारी आहे. चार पंडित बोलतात आणि बाकी ऐकतात. मग आम्ही त्या चौघांना हळूच सांगतो, आठवडाभर थोडे थांबा, दुसऱ्यांना बोलू द्या. हे सांगणे नियम मोडणाऱ्याला समजावण्यापेक्षा अवघड असते, कारण ते चांगले काम करत असतात.

सगळे जमले आहे असे नाही. फोटोतून विचारलेला प्रश्न शोधात सापडत नाही, आणि मुले पाठवतात तसे शिक्षकही वहीचा फोटो टाकून मोकळे होतात. निवडणुकीच्या दिवसांत पहिला नियम रोज मोडतो. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत चर्चेची खोली जवळजवळ ओस पडते, आणि पडावीही.

खाडीकाठच्या त्या बाई ग्रुप सोडून गेल्या असत्या तर आम्ही त्यांना दोष दिला नसता. त्या गेल्या नाहीत. आमच्या तिघांतल्या एका सरांची गेल्या वर्षी बदली झाली आणि त्यांनी पाळी सोडली, तेव्हा आम्ही बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "एका अटीवर. रात्री नऊ ते बारा मी बघणार. कोणाची पाळी असली तरी." आता "आम्ही" म्हणतो त्यात त्या आहेत.

परवा रात्री साडेनऊला "सुखदुःख"वर एक इंतकालची खबर आली. त्याच वेळी चर्चेच्या खोलीत मराठवाड्यातल्या एका तरुण सरांचा संदेश आला. "प्रश्न: इयत्ता सातवी. मुदत आज रात्री बारा." अकराव्या मिनिटाला त्याखाली उत्तर होते. ते बाईंनीच दिले होते. मग त्यांनी बाजूच्या खोलीत जाऊन दुआ लिहिली, आणि सकाळी मय्यतीच्या घरी फोन केला.

त्या सहा मुलांचे वर्ष मात्र परत आले नाही. त्यांतला एक आता अकरावीत आहे, असे बाई सांगतात.